शेवटच्या घाण्यानंतरचं तेल

चकल्यांचा शेवटचा घाणा निघाला की झारा बाजूला ठेवायचा, परात उचलून बाहेरच्या खोलीत न्यायची, आणि या धांदलीत कढईखालचा गॅस तसाच चालू राहतो. तेल पेटण्याचा धोका या वेळी सर्वांत जास्त असतो. कच्ची चकली तेलात असते तोवर तिच्यातलं पाणी वाफ होऊन उडत असतं आणि बर्नरची बरीचशी उष्णता त्यातच खर्च होते. म्हणून तळणीचं तेल 170-180 अंश सेल्सिअसच्या आसपास टिकून राहतं. घाणा काढला की उष्णता खाणारं काही उरत नाही आणि तेल झपाट्याने तापत जातं.

220-230 अंशांच्या पुढे बहुतेक रिफाइंड तेलं धूर सोडू लागतात. धूर आधी निळसर आणि विरळ असतो, डोळ्यांना झोंबतो, घशात खवखवतो. त्याच क्षणी गॅस बंद केला तर पुढचं टळतं. तसं झालं नाही, तर साधारण 360 ते 400 अंशांच्या दरम्यान तेल आपोआप पेटतं. बर्नरची ज्योत कढईच्या कडेवरून आत यावी लागत नाही, ठिणगीही लागत नाही. तेलाचं तापमानच काडीचं काम करतं. ही गोष्ट मनात पक्की राहू द्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

आता घाबरून कोणी तांब्याभर पाणी ओततं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते वर राहत नाही, थेट तेलाच्या पोटात उतरतं. तिथे 350 अंशांच्या वरचं तेल त्याला चहूबाजूंनी घेरतं आणि त्या पाण्याची निमिषात वाफ होते. वाफेला पाण्यापेक्षा सुमारे 1700 पट जागा लागते. म्हणजे 15 मिलिलिटर पाण्याची, एका मोठ्या चमचाभर पाण्याची, किमान 25 लिटर वाफ. पाण्याचा 20 लिटरचा जार डोळ्यांसमोर आणा. त्याहून मोठा वाफेचा गोळा तेलाच्या तळातून उसळतो आणि वरचं तेल सोबत उधळतो.

तरी खरं नुकसान वाफ करत नाही, उधळलेलं तेल करतं. कढईत असताना तेल फक्त वरच्या पृष्ठभागावर जळतं, कारण हवा तिथेच मिळते. 30 सेंटिमीटर तोंडाच्या कढईत हा पृष्ठभाग जेमतेम 0.07 चौरस मीटर असतो. आता त्यातलं फक्त 50 मिलिलिटर तेल उडालं आणि त्याचे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे थेंब झाले असं धरू. हिशेब केला तर त्या थेंबांचा एकूण पृष्ठभाग 3 चौरस मीटर भरतो, म्हणजे जवळपास सिंगल बेडच्या चादरीएवढा. कढईच्या तोंडाच्या चाळीस पट! प्रत्येक थेंब आधीच पेटण्याच्या तापमानाला पोचलेला, आणि आता त्याला सगळीकडून हवा मिळालेली. सेकंदभरात छतापर्यंत ज्वाळांचा लोट जातो. फोडणीत ओली कोथिंबीर टाकल्यावर होणारी तडतड हीच क्रिया आहे. फक्त तिथे तेल पेटण्याच्या तापमानाच्या खूप खाली असतं, म्हणून थेंब उडाले तरी जळत नाहीत.

मग करायचं काय? हात पोचत असेल तर गॅस बंद करायचा. पोळीचा तवा, परात किंवा धातूचं झाकण ढालीसारखं समोर धरून आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर ठेवायचं. वरून टाकायचं नाही, काचेचं झाकण वापरायचं नाही, आणि पेटलेली कढई उचलून मोरीकडे न्यायचं तर मनातही आणायचं नाही. हेलकाव्याने तेल हातावर आणि पायांवर येतं. झाकण नीट बसलं की आतला ऑक्सिजन संपून ज्वाळा लवकरच बसतात. इथेच लोक फसतात. आग दिसत नाही म्हणून झाकण उचलतात. तेल अजून 350 अंशांच्या वर असतं, हवा मिळताच ते पुन्हा भडकतं. कढई बाहेरून कोमट होईपर्यंत, निदान अर्धा तास, झाकण हलवू नये.

अग्निशामक नळकांड्याची निवडही याच कारणाने ठरते. तेलाच्या आगीत ज्वाळा मारणं पुरत नाही, तेल थंड व्हावं लागतं किंवा थंड होईपर्यंत झाकलेलं राहावं लागतं. वेट केमिकल प्रकारचं यंत्र ही दोन्ही कामं करतं. त्यात पोटॅशियमच्या क्षारांचं पाण्यातलं द्रावण असतं. पाणीच, पण लांब नळीतून बारीक फवाऱ्याने हलकेच पडणारं, त्यामुळे ते तळाशी न बुडता वरच्या थरातली उष्णता शोषतं. शिवाय अल्कलीधर्मी क्षार आणि गरम तेल एकत्र आले की साबण तयार होतो. घरगुती साबण करताना होते तीच ही क्रिया. साबणाचा फेस तेलावर साय धरल्यासारखा पसरतो आणि हवा अडवतो. अशा यंत्रावर एफ किंवा के वर्ग लिहिलेला असतो. हॉटेलच्या आणि मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात ते असायलाच हवं.

सोसायट्यांच्या जिन्यांत बहुतेक ठिकाणी एबीसी पावडरचं लाल नळकांडं टांगलेलं दिसतं. ही पावडर ज्वाळा झटक्यात बसवते, पण तेल थंड करत नाही आणि तिच्यातलं फॉस्फेट आम्लधर्मी असल्यामुळे साबणही होऊ देत नाही. आग बसल्यासारखी वाटते आणि परत पेटते. जवळून जोरात मारलं तर झोतानेच तेल उडतं. कार्बन डायऑक्साइडचंही तेच: वायूचा झोत जोरदार, गारवा वरवरचा.

विजेच्या आगीत मात्र हाच कार्बन डायऑक्साइड उपयोगी पडतो. तिथे आगीला पोसतो तो विद्युतप्रवाह, म्हणून आधी मेन स्विच बंद करायचा. वायू वीज वाहून नेत नाही, मागे राखही सोडत नाही, त्यामुळे मीटरच्या पॅनेलला किंवा संगणकाला तो सोयीचा. फवारताना शिंगासारख्या नळीला हात लावू नये, ती इतकी थंड होते की कातडी चिकटते. कोंदट लहान खोलीत वापरला तर लगेच बाहेर पडावं, कारण तो आपलाही ऑक्सिजन हिरावतो. एबीसी पावडरही इथे चालते, पण ती उपकरणात शिरून धातू गंजवते.

पेट्रोलची आग आणखी वेगळी. त्याला तापावं लागत नाही, उणे 40 अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेटू शकते. पाणी टाकलं तर हलकं पेट्रोल पाण्यावर तरंगत, जळत जळत पुढे सरकतं. इथे हवा तो फेस. पण तो थेट पेट्रोलवर मारला तर पेट्रोल ढवळलं जातं आणि आग पसरते. मागच्या भिंतीवर किंवा अलीकडच्या जमिनीवर मारून तो सावकाश पसरू द्यायचा, गोधडी पांघरल्यासारखा. सांडलेलं पेट्रोल थोडं असेल तर पावडर पुरते, म्हणून पेट्रोल पंपावर पावडरची नळकांडी आणि शेजारी वाळूच्या लाल बादल्या दिसतात.

घरासाठी नळकांडं घेतलंत तर ते शेगडीच्या वर किंवा शेजारी टांगू नका. कढई पेटल्यावर तिथपर्यंत हातच पोचणार नाही. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, खांद्याच्या खाली ते असावं, आणि दाबाच्या घड्याळातला काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे तळणीला बसण्याआधी एकदा बघून घ्यावं. मोठं झाकण मात्र आतच, कढईशेजारी, हाताशी.