कादंबरीकाराचा दैनिक लेखनक्रम

कादंबरीचा पहिला खर्डा हातावेगळा होईपर्यंत लेखक स्वतःला घालून घेतो ती रोजची शिस्त. तिचे तीन भाग असतात. रोज किती शब्द लिहायचे याचा आकडा, आजचे लिखाण कुठून उचलायचे हे सांगणारी एक ओळ (लेखक मंडळी तिला प्रॉम्प्ट म्हणतात) आणि आठवडा संपला की मांडायचा हिशोब. नवखा लेखक बहुधा रोजच्या आकड्यापासून सुरुवात करतो आणि हिशोब राहूनच जातो. खरे तर क्रम उलटा हवा. आठवड्याला खरोखर किती लिहून होते हे आधी कळले, तरच रोजचा आकडा शहाणपणाने ठरवता येतो.

या पद्धतीची सर्वांत तपशीलवार नोंद इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप याने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली आहे. १८८२ मध्ये तो वारला आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झाले. ट्रोलोप १८३४ पासून १८६७ पर्यंत ब्रिटनच्या टपाल खात्यात नोकरीला होता आणि नोकरी सांभाळूनच त्याने बरेचसे लेखन केले. वॉल्थम क्रॉस येथे राहत असताना तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसलेला असे. वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यासाठी तो आपल्या जुन्या मोतद्दाराला वर्षाला पाच पौंड जादा देई. बैठक तीन तासांची. त्यातला पहिला अर्धा तास कालचे लिखाण वाचण्यात जाई, कारण आपल्याच वाक्यांची लय पुन्हा कानात बसल्याशिवाय पुढे लिहू नये असे त्याचे मत होते. मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. उरलेल्या अडीच तासांत दहा पाव तास येतात, म्हणजे २५०० शब्द. २५० शब्दांचे एक पान धरून तो मोजत असल्याने दिवसाची दहा पाने होत.

लोक या पाव तासाच्या हिशोबालाच हसत आले आहेत. प्रतिभा अशी घड्याळाला बांधता येते का, असा आक्षेप आत्मचरित्र निघाल्यापासून घेतला गेला. पण खरे शिकण्यासारखे आहे ते त्याच्या रोजनिशीत. नवे पुस्तक सुरू करताना तो आठवड्यांचे रकाने आखलेली रोजनिशी बनवी आणि रोज किती पाने झाली ते तीत लिही. पान हे माप मोघम असते आणि लक्ष ठेवले नाही तर शब्द पसरत जातात, म्हणून तो शब्द मोजत पुढे जाई. आठवड्याची त्याची सरासरी होती सुमारे ४० पाने. कधी ती २० वर येई, एकदा ११२ वर गेली.

दिवसाला दहा पाने लिहू शकणारा माणूस सात दिवसांची ७० पाने धरत नव्हता. ४० पाने म्हणजे पूर्ण क्षमतेचे चार दिवस. बाकीचे तीन दिवस प्रवास, आजारपण, टपाल खात्याच्या तपासण्या यांत गेले तरी आठवडा बुडत नसे. एखाद-दोन दिवस आळसात गेले तर तो रकाना आपल्याकडे टक लावून पाहतो आणि जादा काम करून तूट भरायला लावतो, असे तो लिहितो. त्याला तूट भरता येई, कारण त्यासाठी आठवड्यात जागा होती. ज्याचा रोजचा आकडाच त्याच्या ताकदीची कमाल असतो, त्याला अशी जागा राहत नाही. सोमवारी चुकलेले ८०० शब्द मंगळवारी १६०० होतात, बुधवारी २४०० होतात आणि गुरुवारी वही उघडली जात नाही.

म्हणून आकडा ठरवण्याची रीत अशी. पहिले तीन आठवडे कुठलेही लक्ष्य न ठेवता लिहावे आणि फक्त नोंद करावी. त्यातला सर्वांत वाईट आठवडा घ्यावा, सर्वांत चांगला नाही. त्या आठवड्यात जेवढे शब्द झाले, साधारण तेवढेच आठवड्याचे लक्ष्य धरावे आणि त्याला पाचाने भागावे. आलेला आकडा लाजिरवाणा वाटतो, आणि तसाच तो वाटायला हवा. नोकरी करणाऱ्याला दिवसाला ४०० शब्द म्हटले तर आठवड्याचे २००० होतात आणि ६०,००० शब्दांचा खर्डा तीस आठवड्यांत होतो. याच्या अगदी विरुद्ध टोकाचा प्रयोग अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झाला. नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोज १६६७. महिनाभर इतर सगळे बाजूला ठेवता आले तर तो साधतो. पण त्याच वेगाने वर्ष काढायचे ठरवले तर दोन आजारी दिवसही पचत नाहीत.

इंग्रजी लेखकांचे आकडे मराठीत जसेच्या तसे उचलू नयेत. ‘त्यांच्या घरासमोरच्या झाडाखाली’ हे मराठीत तीन शब्द आहेत, इंग्रजीत त्याचे सात-आठ होतात. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्याने तेवढाच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो. संगणक दोन मोकळ्या जागांमधले अक्षरसमूह मोजतो. त्यामुळे ‘घरा समोर’ असे तोडून टंकण्याची सवय असेल तर आकडा फुगतो आणि शुद्धलेखन तपासल्यावर तो घटतो. हाताने लिहिणाऱ्याने एका पानावरच्या पाच ओळींतले शब्द मोजावेत, सरासरी काढून ओळींच्या संख्येने गुणावे आणि पुढे फक्त पाने मोजावीत. वही मात्र मध्येच बदलू नये.

आता प्रॉम्प्टबद्दल. लेखन कार्यशाळेत ‘पावसावर लिहा’ असे काहीतरी दिले जाते, ते सुटी सरावकथा लिहिण्यापुरते ठीक. कादंबरीत प्रॉम्प्ट बाहेरून येत नाही. आजची बैठक संपताना लेखकाने उद्याच्या स्वतःसाठी ठेवलेली ती ओळ असते. अर्नेस्ट हेमिंग्वे याचा सल्ला प्रसिद्ध आहे, की पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच थांबावे. त्यालाही रोजच्या शब्दांचा तक्ता ठेवायची सवय होती. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू भिंतीला लावून तिच्यावर तो आकडे लिही. १९५८ मध्ये छापून आलेल्या एका मुलाखतीत त्यातले काही नोंदलेले आहेत: ४५०, ५७५, ४६२, १२५०, ५१२. मोठा आकडा आला तो दुसऱ्या दिवशी समुद्रावर मासेमारीला जाता यावे म्हणून, असा खुलासाही तिथेच आहे.

चांगल्या ओळीत तीन गोष्टी असतात: कोण, काय करते आणि कशाला अडते. हे एका काल्पनिक आठवड्यावरून नीट कळेल. कादंबरी आहे सुमनची. वडील गेल्यावर ती गावी आली आहे आणि शेतजमिनीवर आपले नाव लागलेले नाही असे तिच्या लक्षात येते. लेखिका शाळेत शिक्षिका आहे, लक्ष्य रोज ४०० आणि आठवड्याला २००० शब्द.

| वार | आदल्या दिवशी ठेवलेली ओळ | शब्द |
|---|---|---|
| सोम | सुमन सातबारा मागते, तलाठी उद्या या म्हणतो | ४३० |
| मंगळ | उतारा हातात येतो, नाव फक्त भावाचे | ४१० |
| बुध | (पाहुणे, लेखन नाही) | ० |
| गुरु | वहिनी ताट वाढते, कुणीच विषय काढत नाही | ३८० |
| शुक्र | भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो, सुमन पेन उचलते पण सही करत नाही | ६२० |
| शनि | सुमनची घालमेल | १९० |

बेरीज २०३०. लक्ष्य पुरे झाले, पण हिशोब इथे संपत नाही. बुधवारचे शून्य निरुपद्रवी आहे, त्याची निम्म्याहून अधिक भरपाई शुक्रवारने आपोआप केली. नापास ठरला तो शनिवार, आणि त्याचे कारण मधल्या रकान्यात आहे. ‘घालमेल’ ही अवस्था आहे, तिच्यात कुणी काही करत नाही, म्हणून लेखिकेला धरायला काही सापडले नाही आणि १९० शब्दांत ती तेच तेच फिरवत राहिली. ती ओळ ‘सुमन रात्री उठून वडिलांची ट्रंक उघडते, आत फेरफाराची जुनी नोटीस सापडते’ अशी असती, तर घालमेल त्याच कृतीतून दिसली असती. म्हणूनच बेरजेच्या आकड्याइतकाच मधला रकाना महत्त्वाचा आहे. चार-पाच आठवड्यांचे तक्ते शेजारी ठेवले की कुठल्या प्रकारच्या ओळींवर हात चालतो आणि कुठे अडतो ते स्पष्ट दिसते. तीन दिवस सलग शब्द घटत गेले आणि ओळी मात्र ठोस आहेत, असे झाले तर दोष बहुधा मागच्या प्रकरणात असतो. पात्राने तिथे असे काही केलेले असते, की त्यापुढे त्याला वाटच उरत नाही. अशा वेळी आकडा रेटू नये, मागे जाऊन ते वळण बदलावे.

या पद्धतीचा ठरलेला रोग म्हणजे भरताड. आकडा गाठायला संवादात ‘या, बसा, चहा घेणार ना’ वाढते, हवामान वाढते, मागच्या प्रकरणात घडलेले पात्र पुन्हा कुणाला तरी सांगू लागते. ओळखायची खूण सोपी आहे. एखाद्या दिवसाचे सगळे शब्द काढून टाकले आणि दुसऱ्या दिवशीचा प्रसंग तरीही जसाच्या तसा उभा राहिला, तर तो दिवस भरताडीचा. रविवारी हिशोब मांडताना त्यासमोर बारीक फुली करावी, पण शब्द वजा करू नयेत आणि मजकूर खोडू नये. पहिल्या खर्ड्यात वजाबाकी सुरू झाली की लेखक पुढे जायचे सोडून मागची पाने घासत बसतो.

हिशोब बाहेरून लादला गेला तरी काम होते. हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्या १८९० मध्ये त्यांनीच सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत असत, तेव्हा आठवडा संपल्याची आठवण अंकच करून देई. त्या सोयीची किंमत अशी, की छापून गेलेले प्रकरण परत घेता येत नाही. स्वतःपुरता तक्ता ठेवणाऱ्याला ही अडचण नाही, मात्र त्याच्याकडे मजकूर मागणारेही कुणी नसते.

खर्डा पुरा झाला की शब्दांचे माप बंद करावे. पुनर्लेखनात चांगल्या दिवशी ३०० शब्द कमीच होतात, आणि जुन्या मापाने तो दिवस तोट्याचा दिसतो. तिथून पुढे दिवसाला किती पाने तपासून झाली ते लिहावे, आणि प्रॉम्प्टच्या रकान्यात ‘काय घडते’ याऐवजी ‘या पानावर काय कळत नाही’ हा प्रश्न यावा.