कंसाच्या आत १, उत्तर मात्र ०

x शून्याकडे जाताना (sin x)/x ची सीमा १ असते, हे अकरावी-बारावीत गणित शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. आता या गुणोत्तराला चौकोनी कंस घालू. [(sin x)/x] ची सीमा किती? बरेच जण झटकन १ म्हणतात. उत्तर ० आहे.

[t] म्हणजे t पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक. [२.७] म्हणजे २, आणि [−०.३] म्हणजे −१. दोन पूर्णांकांच्या मध्ये या फलाची किंमत अजिबात हलत नाही, पूर्णांकावर मात्र ती एकदम १ ने उडी मारते. [१] ची किंमत १, पण [०.९९९९९९] ची ०. म्हणून कंसाच्या आतली राशी पूर्णांकाकडे जात असेल, तेव्हा ती कुठे पोहोचते यापेक्षा कुठल्या बाजूने येते हे पाहावं लागतं.

एकक वर्तुळात x रेडियनचा छोटा कोन घ्या. त्याच्यासमोरच्या वर्तुळकंसाची लांबी x, आणि त्याच्या टोकापासून पायावर टाकलेल्या लंबाची sin x. सरळ लंब वाकड्या वर्तुळकंसापेक्षा आखूडच असणार, म्हणून (sin x)/x नेहमी १ पेक्षा कमी. x ऋण घेतला तरी दोन्हींची चिन्हं एकदम बदलतात, गुणोत्तर तेच राहतं. x = ०.१ ला ते साधारण ०.९९८३ येतं, ०.०१ ला ०.९९९९८. ते १ च्या कितीही जवळ गेलं तरी १ ला शिवत नाही, त्यामुळे पूर्णांक भाग सतत ०, आणि सीमाही ०. याउलट (tan x)/x हे १ कडे वरून उतरतं, म्हणून [(tan x)/x] ची सीमा १.

इथे संगणकावर विसंबून चालत नाही. x = ०.०००००००१ घेतला तर गुणोत्तर १ पेक्षा फक्त x²/6 इतकं, म्हणजे दशांश चिन्हानंतर सतराव्या घरात कमी असतं. संगणकाच्या नेहमीच्या अंकगणितात साधारण सोळाच अंक टिकतात. तो फरक गळून जातो, पडद्यावर चक्क १ उमटतो आणि पूर्णांक भागही १ दाखवला जातो. सीमेच्या जवळ जाल तितकं उत्तर अचूक होईल ही अपेक्षा इथे उलटी पडते. असमानतेनेच बाजू ठरवावी लागते.

हीच युक्ती [(100 sin x)/x] + [(100 tan x)/x] ला लावा. पहिलं पद ९९, दुसरं १००, बेरीज १९९. आतल्या सीमा आधी घालून २०० लिहिणं ही परीक्षेतली ठरलेली चूक.

आतली राशी दोन बाजूंनी वेगवेगळी आली, तर सीमाच उरत नाही. [1 + x] ला शून्याच्या डावीकडून ० आणि उजवीकडून १ मिळतो. [1 + x sin(1/x)] तर त्याहून अवघड: शून्याच्या कितीही जवळ गेलं तरी आतली राशी १ च्या कधी वर, कधी खाली असते. किंमत ० आणि १ मध्ये हेलकावे खात राहते, त्यामुळे तिथे एका बाजूचीसुद्धा सीमा मिळत नाही.