ट्रेकला आत कॉटन चालतं का?

"डिसेंबरात उत्तराखंडात केदारकंठाला, बर्फात चाललोय, पहिलाच ट्रेक. आत कॉटनचा बनियन आणि वर एक जाड जॅकेट, बस ना?"

नाही, आणि हा सल्ला पणजी-म्हापशात वर्षानुवर्षं फिरतोय म्हणून नीट सांगतो. आपल्याकडे कॉटन बरं वाटतं कारण ते घाम धरून ठेवतं आणि अंग गार पडतं, पण बर्फात नेमकं तेच नको असतं. चढावर तासभर जाड जॅकेटमध्ये चाललात की बनियन चिंब होतो, मग धारेवर थांबलात, वारा लागला की तोच ओला कपडा अंगातली ऊब खेचत राहतो आणि वरचं जॅकेट कितीही महाग असो, हुडहुडी भरतेच.

आत पॉलिस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा अंगाला चिकटणारा टीशर्ट घाला, घरातली फुटबॉलची जर्सी पण चालेल, खरंच. त्यावर फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं पातळ शेल.

पण सगळं एकदम घालून चालायचं नाही! निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, म्हणजे चढावर आतला टीशर्ट आणि फार तर फ्लीस पुरतं, आणि थांबलात की लगेच, अंग गार पडायच्या आधी, सॅकमधलं ते जाड जॅकेट चढवा. मधूनमधून सॅकखाली पाठीला हात लावून बघा, ओलं लागलं तर चेन उघडा नाहीतर एक थर काढा. झोपायला वेगळा कोरडा टीशर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, तो दिवसा अजिबात वापरू नका.