साडेपंच्याहत्तर की सव्वापंधरा?

मृगाचा पाऊस झाला की आमच्याकडे कृषी सेवा केंद्रासमोर युरियासाठी रांग लागते. यंदा त्या रांगेत माझ्यासोबत भाचा होता. लातूरला नीटची तयारी करतो, सुट्टीत परभणीला आला होता. पिशवीत आधार कार्ड आणि वही, दोन्ही. रांग हलेना तेव्हा त्याने वही काढली आणि म्हणाला, "मामा, हे बघा बरं. उत्तर जुळंना झालंय."

गणित होतं अमोनियाचं, म्हणजे ज्या पोत्यासाठी आम्ही उभे होतो त्याच्याच मुळाशी असलेलं. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीमागे साधारण साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो, आणि तो हवेतल्या नायट्रोजनपासून असा बनतो:

N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃

प्रश्न असा: एक भाग नायट्रोजन आणि तीन भाग हायड्रोजन घेतला, तापमान ४५० अंश सेल्सिअस, एकूण दाब कायम १०० ॲटमॉस्फिअर. संहतीचा समतोल स्थिरांक Kc = ०.१५. तर समतोलाला प्रत्येक वायूचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, किती? भाच्याचं उत्तर होतं, अमोनिया ७५.५ ॲटमॉस्फिअर.

आकडेमोड न बघताच मी म्हणालो, चुकलं. कारण शंभरातले पंचाहत्तर भाग एकाच फेरीत अमोनिया होत असते, तर खत कारखान्यात न जुळलेला वायू पुन्हापुन्हा फिरवायची यंत्रणा एवढी मोठी कशाला लागली असती? प्रत्यक्षात एका फेरीत पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपासच काम होतं. अमोनिया थंड करून काढून घेतात, उरलेला वायू परत भट्टीत.

चूक एका ओळीत होती. Kc ची किंमत त्याने आंशिक दाबांच्या समीकरणात तशीच ठेवून दिली होती. तिथे Kp, म्हणजे दाबांचा समतोल स्थिरांक, लागतो. "सूत्र पाठ आहे की," तो म्हणाला आणि म्हणून दाखवलं: Kp = Kc × (RT)^Δn. पाठ होतं, पण ते RT तिथे काय करतंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला रसायनशास्त्रातला हा तुकडा फार आवडतो, तेव्हा थोडा वेळ इथेच थांबू.

वायूचं नेहमीचं समीकरण घ्या, pV = nRT. V पलीकडे नेला की p = (n/V) × RT. यातलं n/V म्हणजे एका लिटरात किती मोल, म्हणजेच संहती. म्हणजे दाब आणि संहती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. एकच गर्दी दोन मापांनी मोजलेली आहे, आणि एका मापातून दुसऱ्यात जायचा भाव आहे RT. ४५० अंश सेल्सिअस म्हणजे ७२३ केल्विन. R हा वायूचा स्थिरांक, तो घ्या ०.०८२०६. गुणाकार येतो ५९.३. अर्थ सरळ आहे: एक लिटरच्या भक्कम बाटलीत एक मोल वायू भरून ती ७२३ केल्विनला तापवली, तर आत ५९.३ ॲटमॉस्फिअर दाब असेल. आतला वायू नायट्रोजन आहे की अमोनिया, याने फरक पडत नाही.

आता शेताकडे चला. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. एखाद्या वावराची बाजू मी 'गुंठ्याच्या बाजू'त मोजली आणि तुम्ही फुटांत मोजली, तर तुमचा आकडा माझ्या ३३ पट. पण क्षेत्रफळाचा आकडा ३३ पट होत नाही, ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ पट होतो, कारण लांबी दोनदा गुणली गेली. वावर तेवढंच आहे.

समतोल स्थिरांकातही तेच होतं. त्यात अंशस्थानी अमोनिया दोनदा गुणलेला असतो, छेदस्थानी नायट्रोजन एकदा आणि हायड्रोजन तीनदा. संहती काढून दाब घातला की वर RT दोनदा येतो, खाली चारदा. दोन कटतात, खाली दोन उरतात. हेच ते Δn = −२. पाठांतरातली उणे खूण इथून आलेली आहे: उजवीकडचे वायूचे मोल वजा डावीकडचे. दोन्हीकडे मोल सारखेच असतील, जसे हायड्रोजन आणि आयोडीन मिळून हायड्रोजन आयोडाइड होताना असतात, तर सगळे RT कटतात आणि Kp, Kc एकच.

आपल्याकडे मात्र ५९.३ चा वर्ग, सुमारे ३५२०, खाली उरतो. ०.१५ भागिले ३५२० केलं की Kp येतो ०.००००४३. एकच अभिक्रिया, तेच तापमान, आणि एक आकडा ०.१५, दुसरा त्याच्या साडेतीन हजारावा भाग. "मग अभिक्रिया पुढे जाते की नाही जात?" भाच्याने विचारलं. नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही, हेच तर यातलं मर्म. १०८९ मोठं की १, असं विचारण्यासारखं आहे ते; आधी फूट की गुंठा ते सांगा.

इथे R चाही एक खड्डा आहे. भाच्याच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी म्हणे ८.३१४ घातला. त्याने Kp येतो ०.००००००००४२. तो आकडा खोटा नाही, पण तो किलोपास्कलमधला आहे, आणि पुढे दाब १०० ॲटमॉस्फिअर धरला की सगळं फसतं. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये असेल तर ०.०८२१, बारमध्ये असेल तर ०.०८३१, आणि तापमान नेहमी केल्विनमध्ये. ७२३ ऐवजी ४५० घातलं तर Kp अडीच पट फुगतो, आणि तो आकडा बघून शंकाही येत नाही.

तर आता आंशिक दाब. समतोलाला अमोनियाचा दाब y धरा. एकूण १०० पैकी उरले १०० − y. नायट्रोजन आणि हायड्रोजन सुरुवातीला एकास तीन होते आणि खर्चही एकास तीननेच होतात, म्हणून उरलेल्यातही प्रमाण तेच. नायट्रोजन (१०० − y) चा पाव भाग, हायड्रोजन पाऊण भाग. Kp च्या समीकरणात हे घातलं की खाली (१०० − y) चा चौथा घात येतो, आणि तो बघूनच पोरं पान उलटतात. पण वर y चा वर्ग आहे. दोन्हीकडे वर्गमूळ घ्या, भूत उतरतं:

y = ०.३२५ × √Kp × (१०० − y)²

०.३२५ हा पाव आणि पाऊणच्या घनाच्या गुणाकाराचं वर्गमूळ आहे. √Kp येतो ०.००६५६. दोन्ही मिळून ०.००२१३. आता हे दहावीतलं वर्गसमीकरण झालं. सोडवलं की १०० − y = ८४.७, म्हणून y = १५.३. म्हणजे अमोनिया १५.३ ॲटमॉस्फिअर, नायट्रोजन २१.२, हायड्रोजन ६३.५. बेरीज बरोबर शंभर. पडताळा घ्यायचा तर १५.३ च्या वर्गाला २१.२ आणि ६३.५ च्या घनाच्या गुणाकाराने भागा; ०.००००४३ परत हाती येतो. हा पडताळा अर्ध्या मिनिटाचा आहे, तरी परीक्षेत कुणी घेत नाही.

याच समीकरणातून आणखी एक गोष्ट दिसते. १०० च्या जागी १ ॲटमॉस्फिअर ठेवा. अमोनिया निघतो ०.२ टक्के. १० ठेवा, २ टक्के. Kp तोच, पण कमी दाबाला अमोनियाचा वाटा जवळजवळ दाबाच्या पटीत वाढत जातो. यावरून एक गाजलेलं भांडण झालं होतं. जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी हा समतोल हजार अंशांच्या आसपास, साध्या वातावरणीय दाबाला मोजला. तिथे अमोनिया टक्क्याच्या शंभराव्या भागाइतका. मोजणीत जरा हात हलला की आकडा दुप्पट. १९०७ साली वाल्टर नेर्न्स्ट यांनी भर सभेत सांगितलं, तुमचे आकडे जास्त आहेत. नेर्न्स्टनी तोच समतोल मोठ्या दाबाखाली मोजला होता, म्हणजे अमोनिया मुळातच जास्त आणि चुकीला वाव कमी. हाबरनी पुन्हा मोजलं, आकडा खाली आला. पण त्या दाबाच्या धड्यातूनच १९०९ मध्ये त्यांचं अमोनियाचं यंत्र चाललं.

रांगेत पुढे उभे असलेले एक काका एवढा वेळ ऐकत होते. त्यांनी मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक जण सांगत होता की शेतात तांब्याची तार रोवली की हवेतला नायट्रोजन ओढला जातो, युरियाची गरजच नाही. मी विचारलं, तार नायट्रोजनला हायड्रोजन कुठून देते? हवेत नायट्रोजन ७८ टक्के आहे, तो ओढायचा प्रश्नच नाही. त्याचा बंध तोडायचा प्रश्न आहे. आणि फुकटात तोडणारे बघायचेच असतील तर महिन्या-दीड महिन्याचं सोयाबीन उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी दिसली तर जिवाणू कामावर आहेत. काका म्हणाले, गुलाबी असते खरी.

भाचा लगेच पेचात: "मग जिवाणूंना साध्या तापमानाला जमतं, कारखान्याला ४५० अंश कशाला?" २५ अंशाला या अभिक्रियेचा Kp सहा लाखांच्या घरात आहे. समतोल पूर्णपणे अमोनियाच्या बाजूने. पण स्थिरांक शेवटी कुठे पोचणार ते सांगतो, कधी पोचणार ते सांगत नाही. थंडीत लोखंडाचा उत्प्रेरकही झोपून राहतो. जिवाणूंकडे त्यासाठी खास विकर आहे, आणि त्याची किंमत ते रोपाने दिलेल्या साखरेतून मोजतात. कारखाना तापमान चढवून वेग विकत घेतो, त्यात Kp गमावतो, आणि ती तूट दाबाने भरून काढतो.

एक हिशेब मी त्याला मुद्दाम उशिरा सांगितला. ४५० अंश आणि १०० ॲटमॉस्फिअरला प्रत्यक्ष मोजलेला अमोनिया १६ टक्क्यांच्या थोडा वर आहे. आमचं गणित १५.३ म्हणतं. ३०० ॲटमॉस्फिअरला हीच रीत ३१ टक्के देते, आणि मोजमापात जवळपास ३६ येतात. दाब वाढेल तशी तफावत वाढते. pV = nRT हे आदर्श वायूचं समीकरण आहे; एवढ्या दाटीत रेणू एकमेकांना खेटतात, ओढतात, आणि ज्या RT ला आपण भाव म्हणालो तो भावच हलतो. कारखान्याचं डिझाइन करणारे म्हणून नुसता आंशिक दाब वापरत नाहीत, प्रत्येक वायूसाठी दुरुस्त केलेला दाब घेतात.

"पण पेपरात?" भाच्याने विचारलं. मी वही परत घेऊन प्रश्न नीट वाचला. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, वायू आदर्श मानावेत. खाली चार पर्याय होते. पहिला १५.३, तिसरा ७५.५.