रेझ्युमेमधील खंड आणि ओव्हरलॅप

रेझ्युमेमधील नोकऱ्यांच्या तारखा एका कालरेषेवर मांडून दोन गोष्टी शोधल्या जातात : कोणतीच नोकरी नसलेला काळ, म्हणजे खंड (बोलीभाषेत गॅप), आणि दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसतात तो काळ, म्हणजे ओव्हरलॅप. ही तपासणी जाहिरातीतील अनुभवाच्या अटीशी ताडून करायची असते. ‘किमान 5 वर्षे पूर्णवेळ अनुभव’ अशी अट असेल, तर नोकऱ्यांचे कालावधी एकामागून एक बेरजेत धरून चालत नाही. एकच महिना दोन ठिकाणी दाखवला असला तरी अनुभव एकाच महिन्याचा होतो.

बहुतेक रेझ्युमेंमध्ये फक्त महिना आणि वर्ष असते, म्हणून मोजमापही महिन्यांतच करणे सोयीचे. प्रत्येक महिन्याला `year*12 + month - 1` या सूत्राने एक अनुक्रमांक दिला की वर्ष बदलतानाची आकडेमोड टळते. नोकरीचा कालावधी म्हणजे `end - start + 1`. शेवटचा ‘अधिक एक’ राहून गेला तर प्रत्येक नोकरीमागे एक महिना गळतो, आणि चार-पाच नोकऱ्यांच्या रेझ्युमेत तेवढ्यानेच उमेदवार अपात्र ठरू शकतो.

एक उदाहरण घेऊ. अट : 31 मार्च 2022 रोजी किमान 5 वर्षांचा, म्हणजे 60 महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव; 6 महिने किंवा त्याहून मोठ्या खंडाचे स्पष्टीकरण आवश्यक. रेझ्युमेतील नोंदी अशा :

- जुलै 2017 ते डिसेंबर 2019, पूर्णवेळ : 30 महिने
- मार्च 2018 ते ऑगस्ट 2018, अर्धवेळ सल्लागार : 6 महिने
- नोव्हेंबर 2019 ते मार्च 2021, पूर्णवेळ : 17 महिने
- सप्टेंबर 2021 ते आजपर्यंत, पूर्णवेळ : 7 महिने

‘आजपर्यंत’ याचा अर्थ इथे अटीतील तारखेपर्यंत असा घेतला आहे. तपासणीच्या दिवसापर्यंत मोजले तर छाननीला जितका उशीर, तितका उमेदवाराचा अनुभव वाढत जातो, आणि दोन सारख्याच उमेदवारांचा निकाल वेगळा लागतो.

बेरीज बरोबर 60 होते, त्यामुळे वरवर पाहता अट पूर्ण झाली असे वाटते. पण पहिल्या नोकरीच्या सुरुवातीपासून अटीच्या तारखेपर्यंत मुळात 57 महिनेच आहेत. बेरीज एकूण काळापेक्षा जास्त निघाली की ओव्हरलॅप आहेच, हे पुढचे काही न तपासताही सांगता येते. उलटे मात्र खरे नाही : बेरीज कमी असली तरी खंडाच्या आड ओव्हरलॅप लपू शकतो.

खरा आकडा काढण्यासाठी नोंदी सुरुवातीच्या तारखेनुसार लावतात आणि आतापर्यंत दिसलेली सर्वांत उशिराची अखेर (खाली `last`) सोबत ठेवत पुढे जातात.

```python
last, total = None, 0
for start, end in sorted(jobs):
    if last is None:
        total, last = end - start + 1, end
        continue
    if start > last + 1:
        print("gap", start - last - 1)
    elif start <= last:
        print("overlap", min(end, last) - start + 1)
    total += max(0, end - max(start - 1, last))
    last = max(last, end)
```

सर्वाधिक चुका `last` ठरवण्यातच होतात. प्रत्येक नोंद फक्त तिच्या आधीच्या ओळीशी ताडली, तर वरील उदाहरणात ऑगस्ट 2018 नंतर थेट नोव्हेंबर 2019 येतो आणि 14 महिन्यांचा खंड दिसतो. तो खंड अस्तित्वातच नाही. त्या काळात पहिली नोकरी चालू होती. शिवाय नोव्हेंबर-डिसेंबर 2019 मधला 2 महिन्यांचा खरा ओव्हरलॅप नजरेतून सुटतो. मोठ्या नोकरीच्या पोटात छोटी नोकरी बसली असेल तेव्हा हे हमखास घडते.

बरोबर मोजणी केल्यावर 6 आणि 2 महिन्यांचे ओव्हरलॅप, एप्रिल ते ऑगस्ट 2021 असा 5 महिन्यांचा खंड आणि 52 महिन्यांचा अनुभव हाती येतो. पडताळा दोन बाजूंनी जुळला पाहिजे : 60 मधून ओव्हरलॅपचे 8 वजा करून 52, आणि 57 मधून खंडाचे 5 वजा करूनही 52. एकाच वेळी तीन नोकऱ्या असतील तर मात्र ओव्हरलॅपचे छापलेले आकडे जोडीजोडीने पुन्हा पाहावे लागतात, कारण वरील कोड प्रत्येक नोंद फक्त सर्वांत उशिरा संपणाऱ्या नोंदीशी ताडतो. एकूण अनुभव तेव्हाही बरोबरच येतो.

नियम लावण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. खंड शोधताना सर्व नोंदी घ्यायच्या, पण अनुभव मोजताना अटीत बसणाऱ्या नोंदी आधी निवडून मगच त्या एकत्र करायच्या. समजा, एप्रिल ते ऑगस्ट 2021 मध्ये अर्धवेळ काम असते, तर खंड भरून निघाला असता, पण पूर्णवेळ अनुभव 52 महिनेच राहिला असता. एकाच फेरीत दोन्ही मोजले की यांपैकी एक उत्तर चुकते. ‘पदवीनंतरचा अनुभव’ अशी अट असेल तर नोंद बाद न करता तिची सुरुवात पुढे सरकवतात. निकाल नोव्हेंबर 2017 चा असल्यास जुलै ते ऑक्टोबर हे 4 महिने वगळून 48 महिने उरतात.

आता अचूकतेचा प्रश्न. ‘मार्च 2021’ म्हणजे 1 मार्च की 31 मार्च, हे रेझ्युमे सांगत नाही. वरील खंड कमीत कमी 5 महिन्यांचा आहे, पण उमेदवाराने 1 मार्चला नोकरी सोडून 30 सप्टेंबरला नवी धरली असेल तर तो जवळजवळ 7 महिन्यांचा होतो. म्हणजे 6 महिन्यांच्या अटीचे उत्तर केवळ रेझ्युमेवरून देता येत नाही. कार्यमुक्तीचे पत्र आणि रुजू झाल्याची तारीख मागवावी लागते. अनुभवाचे मात्र तसे नाही. सलग कालखंडाच्या प्रत्येक अनिश्चित टोकाला जवळपास एक महिना कमी धरला, तरी आकडा 49 ते 52 महिन्यांच्या दरम्यानच राहतो आणि 60 ची अट नक्कीच पूर्ण होत नाही. अट 50 महिन्यांची असती तर इथेही कागदपत्रांशिवाय निर्णय देणे अन्यायाचे ठरले असते. म्हणून प्रत्येक अटीपुढे ‘पूर्ण’, ‘अपूर्ण’ आणि ‘अनिर्णित’ असे तीन शेरे ठेवावेत. नुसती वर्षे लिहिलेल्या नोंदींत तर ‘2018–2019’ हा काळ दोन दिवसांपासून पूर्ण 2 वर्षांपर्यंत काहीही असू शकतो.

याच कारणाने एका महिन्याचा ओव्हरलॅप दोष मानू नये. 10 मार्चला एक नोकरी सोडून 15 मार्चला दुसरी धरणाऱ्याच्या रेझ्युमेत दोन्हीकडे मार्चच दिसतो. त्याहून मोठ्या ओव्हरलॅपलाही सरळ कारणे असतात : नोटिस पिरियडमधली शिल्लक रजा, परवानगीने केलेले अर्धवेळ काम, किंवा एकाच संस्थेतील बढती वेगळी नोकरी म्हणून लिहिलेली असणे. शेवटच्या प्रकारात संस्थेच्या नावाखाली पूर्ण कालावधी आणि त्याखाली पदनिहाय कालावधी असे दोन्ही असतात. ते वेगवेगळे मोजले की संपूर्ण नोकरीच दुप्पट होते, म्हणून एकाच संस्थेच्या नोंदी आधी एकत्र कराव्यात.

दोन नोकऱ्यांपुढे ‘आजपर्यंत’ दिसले, तर बहुधा जुनी ओळ अद्ययावत करायची राहिलेली असते. अशा वेळी जुन्या नोकरीची अखेर अंदाजाने नव्या नोकरीच्या आदल्या दिवशी धरू नये, कारण मधला खंड त्यातच बुजून जाऊ शकतो. तीच गोष्ट 03/04/2019 सारख्या तारखेची : ती 3 एप्रिल किंवा 4 मार्च असू शकते. त्याच रेझ्युमेत 25/06/2020 सारखी तारीख सापडली तर दिवस आधी लिहिण्याची पद्धत उघड होते. नाही सापडली तर उमेदवाराला विचारावे.