हेटेरोसिस्टची भिंत हवाबंद नसते

"हेटेरोसिस्ट म्हणजे सायनोबॅक्टेरियातली हवेतला नायट्रोजन स्थिर करणारी, म्हणजे वापरण्याजोग्या रूपात आणणारी पेशी. तिची जाड भिंत ऑक्सिजनला आत येऊच देत नाही, म्हणून हे काम करणारं, पण ऑक्सिजनने निकामी होणारं नायट्रोजिनेज एन्झाइम शाबूत राहतं ना?"

नाही. तसं असतं तर नायट्रोजनही बाहेरच अडला असता. दोन्ही रेणू आकाराने जवळपास सारखेच. भिंत त्यांच्यात निवड करू शकत नाही. भिंतीतला ग्लायकोलिपिडचा, म्हणजे साखर जोडलेल्या मेदाचा थर दोन्ही वायूंचा ओघ फक्त मंदावतो. पेशीत प्रकाशसंश्लेषणातला ऑक्सिजन तयार करणारी फोटोसिस्टिम २ बंद पडलेली असते, त्यामुळे आत नवा ऑक्सिजन तयार होत नाही. बाहेरून झिरपलेला मात्र संपवावाच लागतो. ते काम श्वसनाचं: शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या साखरेच्या जोरावर ऑक्सिडेज एन्झाइमं तो जाळून टाकतात.

ॲनाबिना पीसीसी ७१२० या सायनोबॅक्टेरियामध्ये हेटेरोसिस्टमधल्या अशा दोन ऑक्सिडेजची जनुकं एकदमच निकामी केली, तर हवेतल्या नायट्रोजनवर तिची वाढ खुंटते. ग्लायकोलिपिडचा थर नसलेल्या वाणांचंही उघड्या हवेत तेच होतं. पण ऑक्सिजन काढून टाकला, की त्यांतले काही वाण नायट्रोजन स्थिर करतात. म्हणजे नुसती भिंत पुरत नाही आणि नुसतं श्वसनही. आत येणारा ऑक्सिजन श्वसनाला झेपेल इतकाच ठेवणं, एवढंच भिंतीचं काम.