चाळीस टक्क्यांचं वजन गेलं कुठे?

"सर, माझ्या सगळ्या मार्कांची बेरीज १३८ आणि सायलीची १४०. मग निकालात ती पाच गुणांनी पुढे कशी?"

ओंकारची बेरीज बरोबर होती. त्याला अंतर्गत मूल्यमापनात १०० पैकी ९० आणि लेखीत ८० पैकी ४८ होते, तर सायलीला ८० आणि ६०. पण आमच्याकडे अंतर्गतचा भारांश ४० आणि लेखीचा ६०. म्हणजे आधी दोन्ही गुण त्या मापात आणायचे, मगच मिळवायचे:

```
एकूण = (अंतर्गत ÷ 100 × 40) + (लेखी ÷ 80 × 60)
```

ओंकारचे ३६ अधिक ३६, म्हणजे ७२. सायलीचे ३२ अधिक ४५, म्हणजे ७७. नुसती बेरीज केली की अंतर्गतचे १०० आणि लेखीचे ८० असं नकळत उलटंच वजन पडतं. फळ्यावर हे दोन आकडे मांडले की मुलांना पटतं.

खरा पेच पुढे आहे. त्या वर्गात अंतर्गतचे गुण ४० पैकी ३२ ते ३७ मध्येच होते. जर्नल वेळेवर दिलं की दहापैकी आठ-नऊ, ही आपली सवय. लेखीचे मात्र ६० पैकी १८ पासून ५४ पर्यंत पसरलेले. अंतर्गतमध्ये पहिल्या आणि शेवटच्या मुलात ५ गुणांचं अंतर, लेखीत ३६ चं. त्यामुळे भारांश कागदावर ४० असला तरी वर्गातला क्रम जवळजवळ एकटी लेखीच ठरवते. ज्या घटकात गुण पसरत नाहीत, तो सगळ्यांनाच सारखं उचलतो. कुणाला पुढे-मागे करत नाही.

यावर संख्याशास्त्रातला उपाय असा: प्रत्येक गुणातून वर्गाची सरासरी वजा करायची, प्रमाण विचलनाने भागायचं आणि मग भारांश लावायचा. मी तो वापरत नाही. एक तर मग ओंकारचे गुण इतरांच्या कामगिरीवर अवलंबून राहतात. दुसरं म्हणजे, ते ५ गुणांचं अंतर जर्नल दोन दिवस उशिरा दिल्यामुळे पडलं असेल, तर तेच फुगून निकाल फिरवतं. त्यापेक्षा जर्नल तपासतानाच चार आणि नऊ यांतला फरक दाखवावा. (यावर स्टाफरूममध्ये वाद होतो, हे खरं.)

एक बारीक गोष्ट पूर्णांकाची. दुसऱ्या एका वर्गात एकाला अंतर्गत ५६ आणि लेखीत २३ होते. २२.४ अधिक १७.२५, म्हणजे ३९.६५, पूर्णांकात ४०: पास, अर्थात लेखीत वेगळं उत्तीर्ण होण्याची अट नसेल तर. पण शीटमध्ये दोन्ही घटक आधीच पूर्णांकात आणले होते. २२ अधिक १७, झाले ३९. पूर्णांक एकदाच, शेवटच्या बेरजेवर करायचा.

आता लेखीच्या आधीच प्रत्येकाला चिठ्ठी देतो. ओंकारसारख्याच्या चिठ्ठीवर असतं: "अंतर्गत ३६ जमा. ७५ हवे असतील तर लेखीत ८० पैकी ५२ लागतील."